सोशिक पत्रा

गंगाखेडच्या तांबट गल्लीत एक रीत होती. कुणाच्या दुकानात नवं भांडं उतरलं की शेजारचा तांबट येई, भांडं उचली, नखानं टिचकी मारी, कानाशी धरी आणि विचारी, "किती घावांचं?" याचं खरं उत्तर कुणी देत नसे. घाव मोजत बसला तर तांबट भांडं कधी करणार! "हजाराचं," "दीड हजाराचं," असं तोंडाला येईल ते सांगायचं आणि दोघांनी हसायचं. पण प्रश्न विचारणं हाच मान होता. ज्याला विचारलं नाही त्याचं भांडं गल्लीनं पाहिलंच नाही, असं खुशाल समजावं.

कस्तुराबाईला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

नवरा गेला तेव्हा भाऊबंद म्हणाले, ऐरण विकून टाक. ती म्हणाली, "ऐरण का म्हैस हाय, दूध आटलं म्हून इकायला?" आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून हातोडा घेऊन बसली. गळक्या घागरी, चेपलेले तांबे, कान तुटलेली पातेली, असलं काम तिच्याकडं येई. नवं भांडं बाईमाणसाकडून घ्यायला लोक बिचकत. समोरचा लिंबाजी ओतारी, जो पितळ ओतून घंटा-समया करायचा आणि वयानं गल्लीत वडीलधारा होता, तो तर उघडच म्हणे, "कस्तुरा कसली तांबटीण? ठिगळं लावती ती." कस्तुराबाई हे ऐके, आणि ठिगळ असं लावी की शोधून सापडू नये. लिंबाजीच्या घरचा बंब तिनंच सांधलेला होता, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

एवढ्या ठिगळांच्या घरात एकच वस्तू खानदानी उरली होती. नवऱ्याचा आजा मुंजाजी, त्यानं कोरलेले दोन लाकडी साचे. भाद्रपदात घरोघर ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या बसतात, त्यांच्या मुखवट्यांचे हे साचे. पितळेचा पातळ पत्रा ताव देऊन देऊन, म्हणजे तापवून मऊ करत, त्यांत ठोकायचा की आत कोरलेला चेहरा पत्र्यावर उठून येई. आसपासच्या कितीतरी गावांतल्या महालक्ष्म्या याच दोन साच्यांच्या लेकी. ज्येष्ठा शांत, भरल्या गालांची. कनिष्ठेच्या डाव्या ओठाच्या कडेला मात्र मुंजाजीनं बारीक हसू ठेवलं होतं, जणू थोरलीला कळू न देता ती काहीतरी खाऊन आली आहे. हे हसू दुसऱ्या कुणाच्या साच्यात नव्हतं.

पण मुंजाजीनं ज्येष्ठा सागात कोरली आणि कनिष्ठेच्या वेळी साग संपला म्हणून आंब्याचं लाकूड घेतलं. आंब्याला किडा लागतोच. साच्याच्या आत इतकी भोकं पडली होती की उचलला तरी भुसा गळे. घाव तो सोसणार नव्हता.

दुसरं महायुद्ध पेटायच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. सोनपेठच्या पार्वतीबाई, मोठ्या जमीनदाराच्या घरच्या मालकीणबाई, बैलगाडी करून आल्या आणि फडक्यातून एक काळा गोळा काढून त्यांनी कस्तुराबाईपुढं ठेवला. कडब्याची गंज पेटली, शेजारची खोली जळाली, आणि पेटीतल्या कनिष्ठेचं असं झालं होतं. ज्येष्ठा देवघरात होती म्हणून वाचली.

"कस्तुरा, हाच चेहरा पाहिजे," पार्वतीबाई म्हणाल्या. "बहीण बदलता येत न्हाई. आमच्या घरात तसं कधी झालं न्हाई."

"आन् न्हाई झाला तर?"

"तर थोरलीला गंगेत सोडावं लागंल, आन् हैदराबादच्या बाजारातून नवी जोडी आणावी लागंल. यंत्रावर दाबलेली मिळती म्हनं."

बाई गेल्यावर कस्तुराबाई साचा मांडीवर घेऊन बसली. यंत्रावर दाबलेली! म्हणजे सोनपेठ गेलं, की मागून दुसरं गाव, तिसरं गाव. मुंजाजीचं ते चोरटं हसू या भाद्रपदानंतर जगात कुठं नवं उमटणार नव्हतं, आणि ते तिच्या हातून संपणार होतं. गल्ली काय म्हणाली असती ते तिला पाठ होतं.

तिनं मेण दाबून पाहिलं. एका कानाच्या पाळीपुरतंच. मेण भोकांत शिरलं आणि काढताना पाळीचा तुकडा घेऊन बाहेर आलं. ओली माती लावावी तर लाकूड फुगणार. कढत धातू ओतावा तर लाकूड जळणार. दुसऱ्या गावच्या कनिष्ठेवरून ठसा घ्यावा, तर घरची देवी कुणी हातची सोडणार नाही. तिनं साचा परत फडक्यात गुंडाळला आणि त्या दिवशी चुलीवरचं पिठलं करपलं.

अशात एका शुक्रवारी दिनकरराव मास्तर आले. शुक्रवार म्हणजे निजामाच्या राज्यातली सरकारी सुट्टी. मास्तर मूळचे गंगाखेडचेच, हैदराबादेत शिकलेले, परभणीच्या मदरसा फौकानियात, म्हणजे सरकारी हायस्कुलात, सायन्स शिकवायचे, तेही उर्दूतून. गल्लीत त्यांना अर्धवट समजत, कारण ते रस्त्यात थांबून दगड उचलून बघत. त्यांच्या पिशवीत एक चकाकती कांडी होती.

"मावशी, ही कांडी कुटून पातळ करून द्याल का? पाच भाग कथील, तीन भाग शिसं."

"म्हंजे झाळ की! भांडी सांधायची. हिचा पत्रा कशाला?"

मास्तरांचा चेहरा उजळला. विचारणारं माणूस भेटलं की त्यांचं असंच होई. ते सांगू लागले, विलायतेत एकानं चार वर्षांपूर्वी छापलं आहे की याच मिश्रणाची कांडी इतकी ताणली जाते की मुळाच्या वीसपट लांब होते आणि तरी तुटत नाही. मदरशात त्यांनी कांडी ओतून ताणली, तर ती काडीसारखी तुटली. मुलं हसली, हेडमास्तर हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की नुसती ओतलेली चालत नाही. ओतलेल्या धातूत कथील आणि शिसं थरांवर थर बसलेले असतात. ते थर कुटून कुटून मोडले पाहिजेत, दोन्हींचे बारीक दाणे एकमेकांत मिसळले पाहिजेत. आणि कुटणं मास्तरांच्या हाताला येत नव्हतं. अंगठ्याला बांधलेली चिंधी त्याची साक्ष होती.

कस्तुराबाईनं कांडी ऐरणीवर घेतली. मास्तर डोक्याशीच उभे. घाव पडत गेले तशी कांडी पसरली, पसरली ती पुन्हा दुमडून कुटली, आणि शेवटी पोस्टकार्डाएवढ्या जाडीची पट्टी झाली. पितळ इतकं कुटलं असतं तर केव्हाच कडक होऊन चिरलं असतं. ही मात्र मऊच. मास्तरांनी तिचा एक तुकडा दोन्ही हातांनी झटका देऊन ओढला, तो टचकन तुटला. दुसरा त्यांनी आढ्याच्या खिळ्याला टांगला आणि खाली वाळूचा तांब्या बांधला.

"आता हिला घाई करायची नाही," ते म्हणाले. "पट्टी बारीक होत जाईल तशी तांब्यातली वाळू काढत राहा. मी पुढच्या शुक्रवारी येतो."

कस्तुराबाईला वाटलं, खुळं आहे बिचारं. पण घरात टांगलेल्या गोष्टीकडं नजर जातेच. संध्याकाळी पट्टी बोटभर उतरली होती. दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली. तिनं मूठभर वाळू काढली. तांब्या जमिनीला टेकला तेव्हा तिनं पट्टी वरच्या वर गुंडाळून पुन्हा टांगली. आणि सगळ्यात नवल हे की पट्टी कुठंच गळ्यासारखी आवळली गेली नव्हती. धातू ताणला की आधी एका ठिकाणी त्याचं नरडं बारीक होतं आणि तिथंच तो तुटतो, हे तांबटाच्या पोराला दुधाच्या दातांपासून ठाऊक असतं. या पट्टीला नरडंच नव्हतं. वरपासून खालपर्यंत ती सारखीच बारीक होत चालली होती.

शुक्रवारी मास्तर आले तेव्हा वितीएवढी पट्टी त्यांच्या उंचीहून लांब झाली होती. ते बघून मास्तर लहान मुलासारखे खाली बसले.

"मास्तर, हिला नरडं का पडंना?" कस्तुराबाईनं विचारलं.

"बघा मावशी, एक जागा जरा पातळ झाली की सगळा ताण तिथं येतो आणि ती जागा भराभर ओढली जाऊ लागते. पण या धातूची गंमत अशी, की त्याला भराभर ओढलं की तो ताठ होतो आणि सावकाश ओढलं की मऊ राहतो. म्हणून ती पातळ जागा अडून बसते. म्हणते, मी न्हाई, आता तू. मग शेजारची जाड जागा ओढली जाते. अशी पाळी फिरत राहते."

"म्हंजे चांगल्या जावा-जावांसारखं."

"तसंच. आणि झटका दिला तर सगळ्याच ताठ, मग तुटणारच."

कस्तुराबाईनं लांबलेल्या पट्टीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग तिनं फडकं सोडून साचा मास्तरांपुढं ठेवला.

"हा सोशिक पत्रा ह्यात उतरंल का? हातोडा न्हाई, इस्तू न्हाई, पानी न्हाई. नुसता दम धरून."

दिनकरराव साच्याकडं बघत राहिले. पुस्तकात पट्टी ताणली होती, चेहऱ्यात कुणी उतरवली नव्हती. पण का उतरू नये, याचं कारण त्यांना सापडेना.

पुढचे शुक्रवार सामान जमवण्यात गेले. आश्रुबा लोहारानं जुन्या लोखंडी मोटेचा जाड काठाचा डबा करून दिला. त्यात कोरड्या वाळूत साचा असा बसवायचा की वाळूनं त्याला सगळीकडून आधार द्यावा. डब्याच्या काठावर पत्रा, वर तेल पाजलेल्या चामड्याचं कडं, त्यावर लोखंडी झाकण, आणि भोवतीनं बोल्ट आवळायचे. झाकणातून सायकलीच्या पंपानं हवा भरायची, की हवा पत्र्याला खाली साच्यात लोटणार. घाव एका ठिकाणी बसतो आणि लाकूड फोडतो. हवा सगळीकडं सारखी बसते. किती जोर लागतो ते कळायला मास्तरांनी मदरशातून काचेची नळी आणि पारा आणला.

एक अडचण राहिली. झाकण बंद झाल्यावर आत पत्रा किती वेगानं उतरतो ते दिसणार कसं? आणि वेगावरच सगळा खेळ. इथं कस्तुराबाईचं डोकं चाललं. पत्रा खाली येईल तशी साच्यातली हवा कुठंतरी जाणारच. किड्यानं पाडलेल्या भोकांतून ती वाळूत जाईल. मग डब्याच्या बुडाला नळी लावून तिचं तोंड वाटीतल्या पाण्यात सोडलं तर? बुडबुडे येतील. बुडबुडे सावकाश, म्हणजे पत्रा सावकाश.

"मावशी, तुम्ही कमाल केली!" मास्तर ओरडले.

"कमाल किड्यानं केली," ती म्हणाली. "एवढी वर्सं त्याला शिव्या देत व्हते."

मग तिनं पत्रा केला. परातीएवढा, सगळीकडं एका जाडीचा. बोट फिरवून, उजेडाला तिरपा धरून, पुन्हा पुन्हा तपासलेला. आणि घराण्याचं काम होतं म्हणून तिनं घराण्याच्या रीतीनं शेवटचा हातही फिरवला. पत्र्याला ताव दिला. ठोकलेला पत्रा तावल्याशिवाय साच्यावर ठेवायचा नाही, हे सासऱ्यानं तिला लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं. पितळ असतं तर लाल केलं असतं. हा लवकर वितळणारा म्हणून तिनं तो तव्यावर, पाण्याचा थेंब चुर्र होऊन उडेल इतकाच तापवला आणि चुलीच्या उबेला रात्रभर पडू दिला. आंजारून गोंजारून, लेकराला तेल लावावं तसं.

शुक्रवारी डबा बंद झाला. मास्तरांनी पंप मारला, पारा चढला. बुडबुडे येईनात. आणखी पंप, आणखी पारा. एक बुडबुडा, दोन, मग एकदम वाटीतलं पाणी उकळी फुटल्यागत उसळून बाहेर सांडलं. झाकण उघडलं तर पत्रा गालापाशीच फाटला होता, नाकापर्यंत पोचलाही नव्हता. आणि हवेच्या त्या झोतानं साच्याच्या नाकावर केसासारखी चीर गेली होती. ओठाजवळचं लाकूड सुटलं नव्हतं, एवढंच नशीब.

"तुमी दम धरला न्हाई, मास्तर!"

"मी? बुडबुडे येतच नव्हते. पत्रा जाड-पातळ झाला असेल."

"माझा पत्रा जाड-पातळ? तुमच्या कथलात खोट असंल!"

भांडण आश्रुबाच्या भट्टीपर्यंत ऐकू गेलं. मास्तर पिशवी उचलून स्टेशनकडं चालते झाले, आणि समोरच्या ओट्यावरून लिंबाजी म्हणाला, "ठिगळ लाव की त्याला. तुझंच काम ते."

कस्तुराबाई घरात गेली. ती त्या दिवशी खरोखर रडली, आणि रडून झाल्यावर तिला राग आला, आणि राग आला की तिचे हात चालू लागत. फाटक्या पत्र्याची एक पट्टी कापून तिनं आढ्याला टांगली. शेजारी पहिल्या दिवशीच्या पट्टीचा उरलेला तुकडा टांगला. दोघींना सारखंच ओझं. दोन्ही एकाच कथलाच्या, दोन्ही तिच्याच हातच्या. पहिल्या दिवशीची मुकाट्यानं लांबू लागली. फाटक्या पत्र्याची ताठ राहिली, ओझं वाढवलं तेव्हा थोडी हलली, मग एके ठिकाणी नरडं आवळून तुटली.

ती त्या दोन पट्ट्यांपुढं उभी राहिली. फरक काय? एकीच्या वेळी मास्तर डोक्याशी उभे होते, म्हणून ऐरणीवरून सरळ त्यांच्या हातात गेली. दुसरीला तिनं ताव दिला. फरक एवढाच. सासऱ्याची शिकवण, घराण्याची रीत, तिचं सगळं प्रेम, तेवढंच जास्तीचं होतं, आणि त्यानंच घात केला होता.

दुसरी कुणी असती तर गप्प राहिली असती. कस्तुराबाई सकाळच्या गाडीनं परभणीला गेली, मदरशाच्या फाटकात उभी राहिली आणि मास्तर बाहेर आल्याबरोबर, चार पोरांदेखत म्हणाली, "गलती माझी हाय. म्या ताव दिला." आणि दोन्ही पट्ट्या त्यांच्या हातात ठेवल्या.

मास्तरांनी त्या घासून, पुसून, तेजाब लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि तिलाही पाहायला लावल्या. एकीत दाणे असे, की आहेत की नाहीत कळू नये, वस्त्रगाळ पिठासारखे. दुसरीत ते जाड्याभरड्या कण्यांएवढे, एकमेकांना अडून बसलेले.

"उबेनं दाणे मोठे झाले," मास्तर म्हणाले. "बारीक दाणे एकमेकांवरून सरकतात, म्हणून पत्रा लांबतो. दाणे स्वतः लांब होत नाहीत, फक्त जागा बदलतात. मोठ्यांना तसं सरकता येत नाही. मावशी, गलती माझीही आहे. तापवू नका, असं मी सांगायला पाहिजे होतं. पुस्तकात ते होतं. पण तांबटाच्या घरात ताव रोजच्या न्हाण्यासारखा असतो, हे मला कुठं माहीत!"

"आन् तसाच पडून ऱ्हायला तर?"

"तरी हळूहळू मोठे होतात. म्हणून ताजाच पाहिजे."

भाद्रपद तोंडावर आला होता. कस्तुराबाईनं फाटका पत्रा वितळवून पुन्हा कांडी ओतली आणि गुरुवारी दिवसभर ऐरण वाजवली. चुलीकडं तो पत्रा तिनं फिरकूही दिला नाही. एकदा सवयीनं हात तव्याकडं गेला, तर तिनं तवाच उचलून परसात नेऊन ठेवला.

शुक्रवारी उजाडताच डबा बंद झाला. त्याआधी दोघांनीही साच्याच्या नाकावरची चीर पाहून घेतली होती. आणखी एक झोत बसला असता तर साचा उरला नसता, हे सांगायची गरज नव्हती. मास्तरांनी हलक्या हातानं पंप मारला. पारा वितीभर चढला, आणि वाटीत एक बुडबुडा आला. मग दुसरा. श्वास घ्यावा आणि सोडावा, तितक्या अंतरानं एकेक.

"असंच," मास्तर म्हणाले. "यापेक्षा वेगात नाही."

ऊन अंगणात आलं. बुडबुडे चालूच. ते घाईनं येऊ लागले की कस्तुराबाई हात वर करी आणि मास्तर झडप सैल करून थोडी हवा सोडत. मंदावले की एखादा पंप. तिसऱ्या प्रहरी पार्वतीबाईंची गाडी दारात थांबली. त्या आत आल्या आणि वाटीतल्या बुडबुड्यांकडं बघणारी दोन शहाणी माणसं पाहून दारातच थबकल्या.

"कस्तुरा, झालं का न्हाई? दिवस मावळायच्या आत सोनपेठ गाठायचंय मला."

"न्हाई झालं."

"मंग जरा जोरात हाणा की ते."

कस्तुराबाई उठली. जमीनदाराच्या घरच्या बाईशी गल्लीत कुणी आवाज चढवून बोलत नसे. तिनंही चढवला नाही. "मालकीणबाई, हे जोरानं हुत न्हाई. तुमी बसा, न्हाईतर जावा. पन ह्याला घाई करा म्हनू नका. मागं एकडाव फाटलंय, आता फाटलं तर मुंजाजीची कनिष्ठा पुन्हा कुनालाच दिसायची न्हाई."

पार्वतीबाईंनी वाटीकडं पाहिलं. मग त्यांनी गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं आणि पदर सावरून वाटीपाशी बसल्या. थोड्या वेळानं कस्तुराबाईच्या आधी त्याच हात वर करू लागल्या.

उन्हं कलली तेव्हा बुडबुडे विरळ झाले आणि थांबले. पत्रा साच्याला टेकला होता. पण कस्तुराबाई उघडू देईना. टेकला म्हणजे गालाला, कपाळाला टेकला. नाकाचं टोक, पापणीची कड, ओठांची ती बारीक खाच, तिथं तो अजून ताणून बसलेला असणार. मास्तरांनी पारा हळूहळू कमरेइतका चढवला. पुन्हा एखाददुसरा बुडबुडा आला, अगदी चिमुकला, खूप वेळानं आणखी एक. मग काहीच नाही. त्यानंतरही तिनं वाट पाहिली.

हवा सोडली. बोल्ट निघाले. कस्तुराबाईनं पत्र्याच्या काठाखाली बोटं घातली आणि तो सरळ वर उचलला. मागं खाली वाळूत काहीतरी मऊसर ढासळलं. साच्याचं नाक आणि अर्धा गाल भुसा होऊन बसला होता. त्याच्याकडं तिनं पाहिलंच नाही. तिच्या हातात कनिष्ठा होती.

रुपेरी, एकसंध, कुठं सांधा नाही, चीर नाही. नाक पुरतं उतरलेलं, पापण्यांच्या कडा धारदार. साच्याच्या नाकावरची ती केसासारखी चीरसुद्धा रेघ होऊन उमटलेली. किड्याची भोकं होती तिथं पत्रा आत शिरला नव्हता, नुसता जरासा फुगला होता, त्याचे बारीक ठिपके गालभर पसरले होते. आणि डाव्या ओठाच्या कडेला ते चोरटं हसू, मुंजाजीनं ठेवलं होतं तसंच.

पार्वतीबाईंनी हात जोडले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा पुसला. कस्तुराबाई म्हणाली, "आली बया," आणि पदरानं तिच्या गालावरचा भुसा टिपला.

शिशाचा मुखवटा देवीला चालत नाही, आणि हा मऊ पत्रा टिकणाराही नव्हता. त्यामुळं आता त्याच्या पाठीत चुना-प्लास्टर भरून, त्यावरून मातीचा नवा साचा घेऊन पितळेची कनिष्ठा ओतायची होती. ओतणारा गल्लीत एकच. कस्तुराबाई पत्रा फडक्यात घेऊन रस्ता ओलांडून लिंबाजीच्या ओट्यावर गेली.

पितळेची कनिष्ठा भाद्रपदात थोरलीशेजारी बसली, आणि पुढं त्याच पत्र्यावरून आणखी कितीतरी गावांच्या कनिष्ठा झाल्या. लिंबाजी ठिपके कानशीनं घासून काढायला निघाला तेव्हा कस्तुराबाईनं कानस धरली. "रेघ घासा. ठिपके ऱ्हाऊ द्या. ती आमची निशाणी." आजही कुणाच्या घरी गालावर ठिपक्यांची कनिष्ठा दिसली तर जुनी माणसं म्हणतात, ही गंगाखेडची, कस्तुराबाईची. मुंजाजीचं नाव त्यानंतर.

पण तिला स्वतःला विचारलं, तर ती हे काहीच सांगत नसे. ती त्या संध्याकाळचं सांगे. लिंबाजीनं फडकं सोडलं. पत्रा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. सांधा शोधला, काठावरून बोट फिरवलं, उजेडाला धरला. आजूबाजूच्या दुकानांतले हातोडे एकेक करून थांबले. म्हाताऱ्यानं नखानं हलकी टिचकी मारली, पत्रा कानाशी नेला, आणि तिच्याकडं न बघता घोगऱ्या आवाजात विचारलं,

"किती घावांचं, कस्तुराबाई?"

कस्तुराबाईनं पदर डोक्यावर सारखा केला.

"पत्र्याला म्हनाल तर मोजले न्हाईत," ती म्हणाली. "चेहऱ्याला एकबी न्हाई."